धाकटा नेमका कुणाशी बोलतोय? एका पडवीतल्या दृश्याचं प्रकरण

लघुपट वीसेक मिनिटांचा. कोकणातलं घर, दोन भाऊ, वाटणीचा विषय. त्यातलं सगळ्यात मोठं दृश्य पडवीत घडतं आणि सगळा लघुपट त्याच दृश्यावर उभा आहे. चित्रीकरण संपून पहिला कट तयार झाला होता. त्या कटमध्ये ‘काहीतरी खटकतंय’ म्हणून तो माझ्याकडे संकलनासाठी आला. दिग्दर्शिकेचं म्हणणं होतं की धाकट्या भावाचा अभिनय मधूनच सुटल्यासारखा वाटतो, तो थोरल्याशी बोलताना मनाने तिथे नसतोच. तिला वाटत होतं की त्याच्या वाक्यांची लय बिघडली आहे, ती घट्ट करून द्यावी.

अभिनयात मला काहीच खोट दिसली नाही. खोट होती ती नजरेच्या दिशेत. थोरला क्लोजमध्ये बोलतो तेव्हा तो पडद्याच्या उजवीकडे पाहतो. पुढच्या शॉटमध्ये धाकटा उत्तर देतो आणि तोही उजवीकडेच पाहतो. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असली तर एकाची नजर उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे हवी. दोघंही एकाच बाजूला पाहायला लागले की प्रेक्षकाला वाटतं, तिकडे कुणीतरी तिसरा आहे आणि हे दोघं त्याच्याशी बोलताहेत. धाकटा ‘मनाने तिथे नाही’ असं वाटत होतं ते यामुळे.

लाइन क्रॉस झाली, असं म्हणून हे प्रकरण एका वाक्यात मिटवता आलं असतं. पण ती जिथे क्रॉस झाली ती जागा मला फार बोलकी वाटली. युनिटला नियम माहीत होता. सकाळचे सगळे शॉट त्यांनी नेमके घेतले होते. चुकीचा ठरलेला सेटअपसुद्धा, ज्या वाक्यासाठी लावला होता, त्या वाक्यापुरता बरोबरच होता.

पडवीचा नकाशा

हे समजायला जागा डोळ्यांसमोर हवी. अंगणात उभं राहून घराकडे तोंड करा. समोर आडवी पडवी. डाव्या टोकाला झोपाळा, त्यावर थोरला बसलाय. उजव्या टोकाला बाक, त्यावर धाकटा. दोघांची तोंडं एकमेकांकडे. मागे मधोमध माजघराचं दार. पडवीचं उजवं टोक उघडं आहे आणि पलीकडे पोफळी दिसतात.

थोरला आणि धाकटा यांच्यामध्ये नजरेची एक रेषा मनात ओढा. झोपाळ्यापासून बाकापर्यंत सरळ. हीच ती लाइन. या रेषेच्या एका बाजूला अंगण, दुसऱ्या बाजूला घराची भिंत. दिग्दर्शिकेने मास्टर शॉट अंगणातून घेतला, म्हणजे तिने अंगणाची बाजू निवडली. आता या दोघांच्या संवादापुरता कॅमेरा अंगणातल्या अर्धवर्तुळात कुठेही फिरू शकतो. जवळ येऊ शकतो, खाली बसू शकतो, झोपाळ्याच्या पार जवळ जाऊन धाकट्याकडे पाहू शकतो. जोवर तो रेषेच्या अंगणाकडच्या बाजूला आहे, तोवर थोरला उजवीकडेच पाहणार आणि धाकटा डावीकडेच. अर्धवर्तुळ म्हणजे १८० अंश, ‘१८० अंशांचा नियम’ हे नाव त्यावरून पडलं. पलीकडे भिंतीच्या बाजूला गेलात की दोघांच्या नजरा उलटतात. माणसं जागची हललेली नसतात, पण पडद्यावर त्यांची तोंडं फिरतात.

प्रेक्षक ती पडवी कधी पाहायला जाणार नाही. त्याच्याजवळ आहे फक्त पडद्याची चौकट आणि त्या चौकटीतलं डावं-उजवं. मास्टर शॉट पाहिल्याबरोबर तो स्वतःच्याही नकळत मनात नोंद करतो की झोपाळा डावीकडे, बाक उजवीकडे. पुढचा प्रत्येक क्लोज तो त्या नोंदीवर बसवून बघतो. फुटबॉलचं प्रक्षेपण पाहणाऱ्यांना हे सवयीने माहीत असतं. सामन्याचे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच लांब बाजूला असतात, म्हणून कुठला संघ कुठल्या दिशेने चाललाय हे नव्वद मिनिटं डोक्यात पक्कं राहतं. समोरच्या बाजूचा रिप्ले दाखवतात तेव्हा ‘रिव्हर्स अँगल’ अशी पट्टी टाकायची पद्धत त्यासाठीच आहे. लघुपटात अशी पट्टी टाकता येत नाही.

या दृश्याचा पहिला भाग साधा आहे. दोन भाऊ बोलतात, मास्टर, एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो असे दोघांचे सजेशन शॉट, दोघांचे क्लोज. सगळे अंगणातून, सगळे बरोबर.

वहिनी दारात येते

मग माजघराच्या दारातून वहिनी येते. इथून एका रेषेच्या तीन रेषा होतात. थोरला आणि धाकटा ही पहिली. वहिनी आणि थोरला ही दुसरी, वहिनी आणि धाकटा ही तिसरी. पडवीत आता एक त्रिकोण तयार झाला आणि कोण कुणाकडे पाहून बोलतंय त्याप्रमाणे चालू रेषा बदलत राहते.

अंगणातून पाहिलं तर अडचण काहीच नाही. वहिनी मध्ये, मागे. थोरल्याकडे पाहताना ती डावीकडे पाहते, धाकट्याकडे पाहताना उजवीकडे. धाकटा तिच्याकडे पाहतो तेव्हाही डावीकडेच, कारण बाक उजव्या टोकाला आहे आणि दोघंही त्याच्या डावीकडे आहेत. दिग्दर्शिकेला मात्र वहिनी आल्यानंतर दृश्याचा सूर बदलायला हवा होता. धाकटा वहिनीला म्हणतो, “वहिनी, तुम्हीच सांगा, मी कधी काही मागितलं?” हे वाक्य तिला वहिनीच्या जवळून, आतल्या बाजूने हवं होतं. मागे पोफळींचा उजेड, पुढे धाकट्याचा चेहरा. कॅमेरा दाराशी, वहिनीच्या शेजारी, झोपाळ्याकडच्या अंगाला लावला.

ही जागा चुकीची वाटते, कारण कॅमेरा उघडउघड भिंतीच्या बाजूला गेला आहे. पण हिशेब करून बघा. कॅमेरा दाराशी उभा आहे आणि तिरपा धाकट्याकडे पाहतोय. वहिनी त्याच्या लगेच डावीकडे आहे. धाकटा वहिनीकडे पाहतो, म्हणजे पडद्यावर डावीकडे. मास्टरमध्येही तो तिच्याकडे डावीकडेच पाहत होता. वहिनी-धाकटा या रेषेच्या दृष्टीने कॅमेरा अजून अंगणाच्याच बाजूला आहे, कारण ती रेषा तिरपी आहे आणि कॅमेरा तिच्या झोपाळ्याकडच्या अंगाला आहे. तो वहिनीच्या दुसऱ्या अंगाला, बाकाच्या बाजूला ठेवला असता तर हीसुद्धा रेषा ओलांडली गेली असती. म्हणजे जागा निवडणाऱ्याने विचार करूनच निवडली होती. या सेटअपमधलं वहिनीला उद्देशून असलेलं प्रत्येक वाक्य आजही कटमध्ये जसंच्या तसं आहे आणि दृश्यातला तो सगळ्यात सुंदर शॉट आहे.

बिघडलं ते यापुढे. दुपार कलली होती. पूर्वेकडे तोंड असलेल्या पडवीत उजेड कमी होत होता, आत लाइट लावून चेहरा वर आणला होता. वहिनीला उद्देशून वाक्यं झाल्यावर धाकटा पुन्हा थोरल्याकडे वळतो आणि खरं भांडण सुरू होतं. पटकथेत ही वाक्यं लागूनच आहेत. सेटअप लागलेलाच आहे, लाइट हलवायला वेळ जाणार, मग धाकट्याची उरलेली सगळी वाक्यं इथूनच घेऊ, असं ठरलं. आणि तीही त्याच जागेवरून घेतली गेली.

आता थोरला कुठे आहे? दाराशी उभ्या असलेल्या त्याच कॅमेऱ्याच्या दृष्टीने झोपाळा उजवीकडे आहे. धाकटा थोरल्याकडे वळला की तो पडद्यावर उजवीकडे पाहतो. थोरल्याचे सगळे क्लोज सकाळी अंगणातून घेतलेले आणि त्यांत थोरलाही उजवीकडेच पाहतो. कॅमेरा, लेन्स, माणूस, कपडे, काही बदललं नव्हतं. ऐकणारा बदलला आणि बरोबर असलेला शॉट चुकीचा झाला.

म्हणून, शॉटच्या यादीत ‘धाकटा, क्लोज, आतून’ एवढंच लिहिलं असेल तर ही चूक पकडायची सोय कागदावर नसते. लुक, म्हणजे नजरेची दिशा, सेटअपला नव्हे, वाक्याला लावायचा असतो. कुठल्या वाक्याला तो कुणाकडे पाहतोय आणि या कॅमेऱ्यातून ती व्यक्ती डावीकडे पडते की उजवीकडे, हे प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं. दोनच माणसं असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. तिसरं माणूस आलं की लागतो आणि जेवणाच्या पंगतीसारखं दृश्य असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही.

सेटवर हे लक्षात आलं असतं तर उपाय काही मिनिटांचा होता. कॅमेरा तिथेच, लाइट तिथेच. थोरल्याचं काम करणाऱ्या नटाला झोपाळ्यावरून उठवायचं आणि कॅमेऱ्याच्या डावीकडे, वहिनीच्या जागेच्याही थोडं पलीकडे उभं करायचं. तो चौकटीत दिसणारच नाहीये. धाकट्याने त्याच्याकडे पाहून वाक्यं म्हणायची. लुक डावीकडे येतो, थोरल्याच्या उजव्या लुकला जुळतो. याला आपल्याकडे सरळ ‘लुक चीट करणं’ म्हणतात आणि त्यात फसवणूक काही नाही, कारण खरी पडवी जपायची नसतेच, पडद्यावरची पडवी जपायची असते. नटांना हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. थोरला तिकडे बसतो हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं आणि तुम्ही त्यांना भलतीकडे बघायला लावता. म्हणून नुसत्या लाइटच्या स्टँडकडे बघून बोल असं सांगण्यापेक्षा समोरचा नट खरोखर आणून उभा करावा. वाक्याला उत्तर मिळालं की नजरही जिवंत राहते.

संकलनाच्या टेबलावर

माझ्याकडे आलं तेव्हा घर परत मिळणार नव्हतं. झोपाळ्याचा आणि बाकाचा एकही नवा शॉट शक्य नव्हता. बाहेरच्या वाटेवरचे एकदोन शॉट पॅचवर्क म्हणून घेता येतील इतकीच मुभा होती.

पहिलं काम केलं ते आवाज बंद करून दृश्य पाहण्याचं. संवाद ऐकू येत असले की कान डोळ्यांची चूक झाकतो, कोण कुणाशी बोलतंय ते शब्दांवरून कळत राहतं. आवाज बंद केला की नजरा एकट्या पडतात. मग दृश्यातल्या प्रत्येक क्लोजची एकेक स्थिर चौकट काढून टाइमलाइनवर ओळीने लावली आणि प्रत्येकीखाली डावा किंवा उजवा लिहिलं. पहिल्या भागात उजवा-डावा-उजवा-डावा अशी शिस्त. वहिनी आल्यावर धाकट्याची तिला उद्देशून डावी नजर. आणि मग उजवा, उजवा, उजवा, उजवा. जिथून दिग्दर्शिकेला धाकटा ‘सुटल्यासारखा’ वाटत होता, नेमकी तिथून ही ओळ सुरू होत होती.

पहिली कल्पना मनात आली ती अशी की धाकट्याचं वळणं दाखवू. त्या सेटअपमध्ये एका टेकमध्ये तो वहिनीकडून थोरल्याकडे मान वळवताना दिसतो. नजर डावीकडून उजवीकडे जाते आणि प्रेक्षकाच्या समोर जाते. वळण शॉटमध्येच दिसलं तर नवी रेषा मान्य होते, हे खरं. पण मग नव्या रेषेला जुळणारा थोरलाही हवा. धाकटा आता डावीकडे बसून उजवीकडे पाहणारा झाला, तर थोरल्याचा डावीकडे पाहणारा क्लोज पाहिजे, म्हणजे भिंतीच्या बाजूने घेतलेला. तो नव्हता. वळण वापरून पाहिलं आणि पुढे थोरल्याचा जुना क्लोज आला की तेच कोडं पुन्हा उभं. नवी रेषा मांडायची तर तिच्या दोन्ही टोकांचे शॉट लागतात.

मग जे चाललं ते म्हणजे धाकट्याला न दाखवणं. भांडणातली त्याची बरीचशी वाक्यं मी थोरल्याच्या ऐकण्यावर टाकली. थोरल्याचे क्लोज बरोबर होते, लांब होते आणि नट ऐकताना फार चांगला ऐकत होता. वाक्याची सुरुवात धाकट्यावर, पण ती वहिनीकडे पाहण्याच्या टेकमधून उचललेली, आणि पुढचं थोरल्याच्या चेहऱ्यावर. शब्द एका टेकचे आणि ओठ दुसऱ्या टेकचे असल्यामुळे धाकट्यावर एखाददुसराच शब्द ठेवता येत होता, तोही मान थोडी खाली असताना. मध्ये वहिनीचा अंगणातून घेतलेला क्लोज. ती उजवीकडे धाकट्याकडे पाहते, मग डावीकडे नवऱ्याकडे. हा शॉट सोन्यासारखा निघाला, कारण तिची नजर फिरली की प्रेक्षकाला कोण कुठे आहे त्याची पुन्हा आठवण होते. शिवाय झोपाळ्याच्या कडीचा एक इन्सर्ट आणि थोरल्याच्या जमिनीला रेटा देणाऱ्या पायाचा एक. कडीला डावं-उजवं नसतं, त्यामुळे ती कुठेही बसते. पण इन्सर्टनी चूक विसरायला होत नाही, फक्त दोन चुकीच्या नजरा एकमेकींना थेट भिडत नाहीत. इन्सर्ट संपला की नजर पुन्हा चुकीचीच असते. म्हणून त्यांवर भरवसा ठेवून मी काही बांधलं नाही.

दोन वाक्यं अशी होती की ती धाकट्याच्या चेहऱ्यावरच हवी होती. तिथे शॉट फ्लॉप केला, म्हणजे आरशातल्यासारखा उलटवला. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे एका क्लिकचं काम आहे, प्रीमियरमध्ये इफेक्टचं नावच Horizontal Flip आहे. उजवीकडे पाहणारा धाकटा डावीकडे पाहायला लागला आणि थोरल्याशी बोलायला लागला. क्लिक सोपी आहे, पण उलटवल्यावर काय काय उलटलं ते शोधणं हे खरं काम. शर्टाचा खिसा डावीकडचा उजवीकडे गेला आणि त्यात पेन होतं. चित्रण फोर-के होतं, म्हणजे ३८४० बाय २१६० आणि लघुपट १९२० बाय १०८० मध्ये जाणार होता. त्यामुळे चौकट दुपटीपर्यंत मोठी केली तरी चित्र फुटत नाही. खिसा चौकटीबाहेर जाईल इतकी ती आवळली. भांग उलटला, त्याला इलाज नव्हता, पण केस घामाने विस्कटलेले असल्यामुळे निभावलं. मागच्या पोफळी उलट्या झाल्या तर कुणाला कळणार? माणूस आधी डोळे बघतो, मग तोंड, झाडं शेवटी. फ्लॉप केलेला प्रत्येक शॉट मी थोडाच वेळ ठेवला, कारण माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि ओळखीचा झालेला चेहरा उलटा फार वेळ पाहिला की तो कुणा भावाचाच वाटायला लागतो.

वहिनीच्या बाबतीत हा उपाय सुचवायचीही सोय नव्हती. साडीचा पदर डाव्या खांद्यावर. शॉट उलटवला की तो उजव्या खांद्यावर जातो आणि आपल्याकडच्या बायका ते पहिल्या सेकंदाला पकडतात. नाकात चमकी असली तर तीही बाजू बदलते. सुदैवाने वहिनीचे सगळे शॉट अंगणातूनच होते.

तो परत का आला?

पडवीचं निस्तरल्यावर कट दोघातिघांना दाखवला. त्यातल्या एकाने वेगळाच प्रश्न विचारला. “धाकटा रागाने निघून गेला, मग लगेच घरी परत का आला?”

कथेत तो परत येत नाही, निदान त्या संध्याकाळी तरी. तो उठतो, अंगणात उतरतो, चौकटीच्या उजवीकडून बाहेर जातो. पाखाडी उतरून रस्त्यावर येतो, एसटी पकडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन परततो. पाखाडीचा शॉट मात्र असा होता की तो उजवीकडून येतो आणि डावीकडे चालत जातो. उजवीकडून बाहेर गेलेला माणूस पुढच्या शॉटमध्ये डावीकडून आत यायला हवा, तरच तो त्याच दिशेने चालतोय असं वाटतं. उजवीकडून आत आला की तो फिरला. इथे माणूस एकटाच आहे, त्यामुळे दोघांच्या नजरांमधली रेषा नाही, पण त्याच्या चालण्याची दिशा हीच रेषा असते. कॅमेरा वाटेच्या दुसऱ्या बाजूला गेला की ती उलटते. युनिट दुसऱ्या बाजूला का गेलं तेही उघड होतं, मावळतीचं ऊन सरळ लेन्समध्ये येत होतं.

हा शॉट उलटवायला घेतला तर मागच्या चिरेबंदी गडग्यावर सिमेंटची जाहिरात रंगवलेली. देवनागरी अक्षरं आरशात गेली की शाळेतलं पोरही ओळखेल. जाहिरात चौकटीबाहेर काढायची तर माणूसही बाहेर जातो, कारण तो तिच्या समोरूनच चालतो. म्हणून हा शॉट सोडला आणि पॅचवर्कमध्ये त्याच पाखाडीवर एकच शॉट घ्यायला सांगितला. कॅमेरा वाटेच्या मधोमध, धाकटा पाठमोरा, सरळ लांब उतरत जाणारा. पाठमोरा किंवा सरळ अंगावर येणारा शॉट ना डावा ना उजवा. चौकटीच्या उजवीकडून बाहेर, मग पाठमोरा, हे निर्धोक आहे. वाटेला वळण असतं तर आणखी सोपं होतं. डावीकडून आत येऊन वळणावर वळून उजवीकडून डावीकडे जाताना तो एकाच शॉटमध्ये दिसला असता, म्हणजे दिशा बदलल्याचा दोष वाटेला गेला असता आणि युनिटचा जुना शॉटही त्यापुढे चालला असता. ही पाखाडी नेमकी सरळ होती.

एसटीचा गुंता मला जास्त आवडला, कारण तिथे वाहतुकीचा नियमच आडवा येतो. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो. थांब्यावर उभं राहून रस्त्याकडे पाहिलं तर जवळची गाडी नेहमी उजवीकडून येते आणि डावीकडे जाते. युनिटने कॅमेरा थांब्याच्याच बाजूला ठेवला होता. कारण पुन्हा समजण्यासारखं. एसटीचं दार डावीकडे असतं, म्हणून धाकटा चढताना दिसायचा तर कॅमेरा त्याच बाजूला हवा. पण मग गाडी डावीकडे निघते आणि जाण्याची आपली दिशा उजवी आहे. उलटवायला जावं तर गाडी रस्त्याच्या उजवीकडून धावते, दार भलत्याच बाजूला येतं आणि पाटी वाचता येत नाही. जाणारी गाडी उजवीकडे न्यायची तर कॅमेरा रस्त्यापलीकडे ठेवणं भाग आहे. तिथून धाकटा चढताना दिसत नाही. गाडी येते, त्याला झाकते, निघून जाते आणि थांबा रिकामा असतो. मला विचाराल तर दृश्यासाठी तेच बरं होतं, पण गाडी पुन्हा मिळवणं त्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं.

आहे त्या शॉटची चौकट आवळून फक्त दार ठेवलं. दांडीला हात, पायरीवर पाय, आणि गाडी हलायच्या आत कट. गाडीचं तोंड डावीकडे आहे हे दिसतच नाही. मग दिग्दर्शिका आणि कॅमेरामन धाकट्याला घेऊन साध्या प्रवासी म्हणून एका एसटीत बसले आणि परवानगी घेऊन एक शॉट घेऊन आले. तो खिडकीशी बसलाय, बाहेर झाडं मागे पळताहेत. त्यांना एकच गोष्ट आधी पक्की सांगितली होती की दाराच्या बाजूच्या खिडकीशी बसवा, ड्रायव्हरच्या बाजूच्या नाही. मधल्या वाटेतून डावीकडच्या खिडकीकडे पाहिलं की गाडीचं पुढचं टोक पडद्यावर उजवीकडे येतं. धाकटा उजवीकडे तोंड करून बसतो, झाडं डावीकडे जातात आणि तो घरापासून लांब चाललाय हे सांगायला शब्द लागत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूला बसवला असता तर तोच प्रवास परतीचा झाला असता.

दुसऱ्या सकाळचा परतीचा शॉट मुळातच उजवीकडून डावीकडे होता आणि पडवीत तो चौकटीच्या उजवीकडूनच आत येत होता, जिथून गेला होता तिथूनच. त्याला हात लावला नाही.

एक वाक्य तसंच ठेवलं

भांडणाच्या टोकाला धाकटा म्हणतो, “दादा, मला घर नकोय.” हे त्याच आतल्या सेटअपमधलं, उजवीकडे पाहून म्हटलेलं. ते थोरल्याच्या चेहऱ्यावर टाकून पाहिलं तर वाक्य मेलं. उलटवून पाहिलं तर या टेकमध्ये तो पुढे झुकतो आणि खिशातलं पेन चौकटीत येतं. आणखी आवळली तर हनुवटी कापली जाते.

ते उजवंच ठेवलं, पण आजूबाजूची मांडणी बदलली. त्याच्या आधी अंगणातला मास्टर परत आणला, तिघंही दिसतात इतका रुंद. त्यात धाकटा उठून उभा राहतो. मास्टरवरून आतल्या क्लोजवर गेलं की प्रेक्षकाला जागा नुकतीच दिसलेली असते आणि उठण्याच्या हालचालीवर कट असल्यामुळे अंगणातून घरात मारलेली उडी त्या हालचालीत मुरते. त्यानंतर थोरल्याचा क्लोज लगेच लावला नाही, वहिनीचा लावला. म्हणजे दोन उजव्या नजरा एकमेकींना भिडतच नाहीत. धक्का पूर्ण गेला का? नाही, थोडा उरला आहे. फक्त तो आता नेमका त्या वाक्याला बसतो, जिथे धाकटा दादाकडे न पाहता बोलला असं कुणाला वाटलं तरी कथेचं काही बिघडत नाही.

ठरवून लाइन तोडणारे दिग्दर्शक आहेत आणि त्यांनी ती तोडली की चांगलंच जाणवतं. त्यासाठी आधी ती इतका वेळ पाळलेली असावी लागते की तोडल्याचं कळावं. या दृश्यात भांडणभर ती तुटतच होती, त्यामुळे पहिल्या कटमध्ये हे वाक्य आलं तेव्हा त्याचं वेगळेपण उरलंच नव्हतं. बाकीच्या नजरा जाग्यावर आल्यावर ते उठून दिसायला लागलं. दिग्दर्शिकेने नवा कट पाहून धाकट्याच्या अभिनयाबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं ते एवढंच, की त्या वाक्यानंतर झोपाळ्याचा आवाज थांबवता येईल का. थांबवला.